वेडाचं सोंग नक्की कुठे घेतलं?

(पडद्यावर: जुन्या अरबी हस्तलिखिताचं एक पान, भूमितीच्या आकृत्यांसह.)

इब्न अल-हैथम. युरोपात याला अल्हाझेन म्हणतात. डोळ्यांतून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरचा प्रकाश डोळ्यांत येतो म्हणून आपल्याला दिसतं, हे ज्यानं पद्धतशीर प्रयोगांनी मांडलं, तो हा माणूस. त्याच्याबद्दलच्या कुठल्याही तक्त्यावर एक ओळ ठरलेली असते. जन्म 965, बसरा. मृत्यू 1040 च्या सुमारास, कैरो. त्याच्या खाली एक गोष्टही असते, की खलिफाच्या भीतीनं यानं वेडाचं सोंग घेतलं.

हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं?

त्याच्या हयातीतलं कुणाचं लिखित चरित्र हाताशी नाही. सगळ्यांत जवळचा साक्षीदार बसतो थेट स्पेनमध्ये, टोलेडो शहरात. तिथला न्यायाधीश साइद अल-अंदलुसी 1068 मध्ये विद्वानांची एक नोंदवही लिहितो. तीत तो म्हणतो, की अब्द अल-रहमान नावाच्या एका काजीनं मला सांगितलं, हिजरी 430 मध्ये मी इब्न अल-हैथमला इजिप्तमध्ये भेटलो. हिजरी 430 म्हणजे आपलं 1038-39. ना नाईल नदी, ना वेड. माणूस त्या साली जिवंत होता आणि इजिप्तमध्ये होता, एवढंच. कोरडी नोंद आहे, पण तिच्यावर विसंबता येतं. सांगणारा स्वतः भेटलेला आहे आणि त्याला काही रंगवायचं नाही.

(पडद्यावर: अलेप्पोचा किल्ला.)

आता दोनशे वर्षं पुढे या. अलेप्पोचा वजीर इब्न अल-किफ्ती, पक्का पुस्तकवेडा. त्यानं तत्त्वज्ञ, वैद्य आणि गणितज्ञांचा चरित्रकोश लिहिला. तो मेला 1248 मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी अल-झौझनी नावाच्या गृहस्थानं त्या कोशाचा संक्षेप केला. आज आपण किफ्तीचा कोश म्हणून जो वाचतो, तो हा संक्षेप. मूळ ग्रंथ हरवला आहे.

नाईलची प्रसिद्ध गोष्ट इथली. इब्न अल-हैथम म्हणाला म्हणे, मी इजिप्तमध्ये असतो तर नाईलच्या पाण्याची अशी सोय केली असती, की पूर असो वा ओहोटी, फायदाच व्हावा. इजिप्तचा खलिफा अल-हाकिम याच्या कानावर ते गेलं. त्यानं पैसे पाठवून बोलावून घेतलं आणि स्वतः कैरोबाहेर सामोरा गेला. मग कारागिरांचा ताफा घेऊन हा अस्वानपलीकडे, नाईल उंचावरून खाली येते त्या जनादिलपर्यंत गेला. वाटेत प्राचीन इजिप्तची बांधकामं पाहिली आणि त्याच्या ध्यानात आलं, की हे जमण्यासारखं असतं तर एवढ्या हुशार लोकांनी केव्हाच केलं असतं. परत येऊन माफी मागितली. खलिफानं कचेरीत काम दिलं, पण खलिफाची लहर केव्हा फिरेल याचा नेम नव्हता. म्हणून वेडाचं सोंग. मालमत्ता जप्त, घरातच कैद. 1021 मध्ये अल-हाकिम नाहीसा झाला आणि याचं वेड त्याच दिवसांत बरं झालं.

ऐकायला झकास. पण याच किफ्तीच्या काळातला दमास्कसचा वैद्य इब्न अबी उसैबिया आपल्या कोशात वेगळंच लिहितो. त्याला सांगणारा अलम अल-दीन कैसर, हाही नामांकित गणिती. त्याच्या सांगण्यानुसार इब्न अल-हैथम बसऱ्यात सरकारी नोकरीत होता, मन अभ्यासात, कामात लक्ष नाही. नोकरी सुटावी म्हणून त्यानं वेड्याचं सोंग घेतलं, आणि सुटका झाल्यावर मग तो इजिप्तला गेला.

म्हणजे वेड तेच, खुंटी दुसरी. कैरोत खलिफाची भीती, बसऱ्यात नोकरीचा कंटाळा. बखरी वाचलेल्यांना ही चव ओळखीची वाटेल. एकच प्रसंग दोन ठिकाणी, दोन कारणांनी घडलेला दिसला, की माझा तरी संशय असा, की प्रसंग आधी फिरत होता आणि जागा त्याला नंतर मिळाली. खोरासानचा अल-बैहकी किफ्तीच्याही कितीतरी आधीचा, 1170 च्या सुमारास वारलेला. त्याच्या गोष्टीत वेड नाहीच. तिथे बुटका इब्न अल-हैथम बाकावर उभा राहून, गाढवावर बसलेल्या खलिफाला आपला ग्रंथ दाखवतो, खलिफाला बेत महाग वाटतो, आणि हा घाबरून सीरियात पळतो.

काही माहितीपटांत सांगतात, की प्रकाशावरचा त्याचा महाग्रंथ त्या नजरकैदेत लिहिला गेला. किफ्ती असं म्हणत नाही. ही जोड आपल्या काळातली आहे.

(पडद्यावर: हिजरी सनाचे आकडे.)

आता ते 965. उसैबियानं आणखी एक अनमोल गोष्ट केली. ग्रंथकर्त्याच्याच हस्ताक्षरातून घेतलं, असं म्हणून त्यानं एक आत्मकथन उतरवलं आहे. त्यात हिजरी 417 संपताना लेखक म्हणतो, माझं वय चांद्रवर्षांनी 63. 417 वजा 63, बरोबर 354. हिजरी 354 सुरू झालं जानेवारी 965 मध्ये. जन्मसाल निघालं ते इथून, या एका वजाबाकीतून. चांद्रवर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असतं, त्यामुळे 1027 मधून सरळ 63 वजा करणाऱ्याचं उत्तर एका वर्षानं चुकतं.

पण खरी मेख पुढे आहे. उसैबिया या माणसाला मुहम्मद इब्न अल-हसन म्हणतो. प्रकाशावरच्या ग्रंथाचा कर्ता मात्र हस्तलिखितांत अल-हसन इब्न अल-हसन असतो. 1993 मध्ये गणितेतिहासाचे अभ्यासक रुश्दी राशिद यांनी ठामपणे मांडलं, की ही दोन माणसं आहेत. एक कैरोतला गणिती, दुसरा बगदादचा तत्त्वज्ञ, आणि चरित्रकारानं दोघांचा एक केला. हार्वर्डच्या अब्दुलहमीद साबरांना ते पटलं नाही. त्यांनी ग्रंथांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून माणूस एकच असल्याची बाजू लढवली. वाद वरवर नावाचा, परिणाम मोठा. राशिद बरोबर असतील, तर 965 हे जन्मसाल त्या दुसऱ्याचं. आपल्या प्रकाशवाल्याचं जन्मसाल मग रिकामंच राहतं.

(पडद्यावर: इस्तंबूल, आयासोफिया.)

मग हाती पक्कं काय लागतं? किफ्तीकडे परत जाऊ. तो एक माहिती कुणाकडून मिळाली ते नावासह देतो. यूसुफ नावाच्या यहुदी वैद्यानं त्याला अलेप्पोत सांगितलं, की इब्न अल-हैथम वर्षातून तीन गणिती पुस्तकांची नक्कल करायचा. युक्लिड, टॉलेमीचा खगोलग्रंथ अल्मजेस्ट आणि या दोघांच्या मधल्या पायरीवर शिकायचे ग्रंथ. त्याचे ठरलेले 150 इजिप्शियन दीनार मिळत आणि त्यावर वर्ष निघे. ही ऐकीव गोष्ट पडताळता येते. आयासोफियाच्या संग्रहात 2762 क्रमांकाची एक पोथी आहे. अपोलोनियसचा शंकुछेदांवरचा ग्रंथ. शेवटी तारीख आहे, हिजरी 415 चा सफर महिना, म्हणजे 1024 चा एप्रिल-मे. आणि नक्कल करणारा स्वतः इब्न अल-हैथम.

अल-हाकिम नाहीसा झाल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. यूसुफनं सांगितलेला धंदा खरा निघाला. फक्त या पोथीतला ग्रंथ त्यानं सांगितलेल्या तिघांत नाही.