पहिलं वाक्य

(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माईक चालू आहे ना? मागच्या खुर्च्यांवर ऐकू येतंय? बरं. अध्यक्षांनी पाऊण तास दिला होता, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली. नारळ मिळाला, त्यामुळे तक्रार नाही.

समोर आशाताई आहेत, दोन-तीन नवे वैद्यकीय अधिकारी आहेत, बाकी आपण सगळे कधी ना कधी पेशंटचे नातेवाईक. मी तीन गोष्टी सांगणार आहे. डॉक्टरनं पहिलं वाक्य काय बोलावं, बोलून झाल्यावर किती वेळ गप्प बसावं, आणि खोलीत पाच नातेवाईक शिरले तर कोणाकडे पाहावं. हे सगळं स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधीचं. विश्वास बसायचा तर तिथेच बसतो, नाहीतर पुढं कितीही चांगलं तपासा, मंडळी "हो साहेब, हो साहेब" म्हणतात आणि गेटबाहेर पडली की दुसरा दवाखाना शोधतात.

पहिलं वाक्य काय नसावं, हे आधी सांगतो. आपल्या भागातल्या दवाखान्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं पहिलं वाक्य कोणतं? "इतक्या उशिरा का आणलं?" हसू नका, हसणाऱ्यांत दोन डॉक्टर आहेत. पेशंट अजून टेबलावर टेकलेला नसतो, केसपेपरवरून नजर वर उठलेली नसते, आणि हे वाक्य निघून गेलेलं असतं. त्याची धाकटी भावंडंही आहेत. "आधीचे कागद कुठायत?", "कोणाकडे दाखवलं होतं?", "बुवाकडे नेलं होतं ना?"

बोलणाऱ्याच्या मनात कळकळ असते, हे मला मान्य आहे. पण ऐकणाऱ्याच्या बाजूनं पाहा. सोयाबीन काढणीचे दिवस, मजुरी बुडवून, हातउसने पैसे घेऊन, काळीपिवळीत कोंबून माणूस आलेला आहे. उशीर झाला हे त्याला कळतंच, रस्ताभर तेच डोक्यात असतं. त्यावर पहिलाच शब्द जाब विचारणारा आला की तो एकच गोष्ट करतो, खोटं बोलतो. तीन दिवसांचे "कालपासून" होतात. मेडिकलमधून आणलेली गोळी नाहीशी होते. आणि आपण त्या खोट्या माहितीवर औषध लिहितो. सलाईनचं विचारू नका, सलाईन हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, पुढच्या वर्षी बोलवा.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्राची सकाळची ओपीडी. दीड वर्षाचं लेकरू, वजन नऊ किलो, जुलाब आणि उलट्या. आईच्या कडेवर. सोबत आजी, बाप, आणि बापाचा एक चुलतभाऊ, जो सगळ्यांच्या वतीनं बोलतो. असा चुलतभाऊ प्रत्येक घरी असतो. आत येताच त्यानं फर्मावलं, "साहेब, सलाईन लावा लवकर."

डॉक्टर तरुण होते. ते खुर्चीतून अर्धवट उठले, आईला स्टूल दिलं आणि म्हणाले, "आणलं ते चांगलं केलं, माय. मी डॉक्टर आहे, आता लेकराजवळच आहे. काय काय झालं ते सांग." चुलतभावाला म्हणाले, "भाऊ, तुमचंही ऐकतो, पहिले माय." आणि गप्प राहिले. पण डोळे गप्प नव्हते. लेकरू चिडचिड करत होतं, आईच्या हातातल्या बाटलीकडे झेपावत होतं, म्हणजे शुद्धीवर होतं आणि तहानलेलं होतं. ते मलूल, निपचित असतं, तर हे सगळं बोलणं बाजूला ठेवून आधी हातच लावायचा. माझं म्हणणं तिथं लागू नाही, हे स्पष्ट करून ठेवतो.

आई बोलली, परवापासून जुलाब, रात्रीपासून लघवी कमी. ती थांबली तरी डॉक्टर बोलले नाहीत. त्यांनी नुसतं आजीकडे पाहिलं, "आजी, तुम्ही रात्रभर जवळ होत्या ना?" आजी जरा चुळबुळली. मग म्हणाली, "खोटं कायले सांगू बाप्पा, मेडिकलवाल्यानं गोयी देल्ली होती. अर्धी कुटून पाण्यात देल्ली रात्री. अर्धी हाये पदराले." आणि पदराची गाठ सोडून तिनं ती टेबलावर ठेवली.

ती मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी होती, लोपेरामाइड. ती आतड्यांची हालचाल मंदावते. एवढ्या लहान लेकराला दिली तर आतडं ठप्प होऊन पोट फुगू शकतं, लेकरू गुंगीत जाऊ शकतं. जुलाब थांबल्यासारखे दिसतात आणि पाणी मात्र आतड्यात साचत राहतं. हे कळलं नसतं तर दुपारी लेकराला गुंगी आली असती आणि आपण अशक्तपणा समजून बसलो असतो.

मग तपासलं. डोळे थोडे खोल गेलेले, पोटाची चिमटीत धरून सोडलेली कातडी सावकाश जागेवर जात होती, पोट मऊ. म्हणजे शुष्कता आहे पण तीव्र नाही. अशा वेळी किलोला ७५ मिली ओआरएस, चार तासांत. नऊ किलोला ६७५ मिली. दर एक-दोन मिनिटांनी चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, पण आणखी सावकाश. दर तासाला पोट आणि शुद्ध पाहायची, पोट फुगलं किंवा पेंग आली तर लगेच पुढच्या रुग्णालयात. सोबत झिंक, रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस.

आता सांगा, चार तास चमच्यानं पाणी पाजत कोण बसणार? सलाईन मागायला आलेलं घर! पण आजी बसली. आजी-सून आळीपाळीनं बसल्या. चुलतभाऊ चहा प्यायला गेला, तेही बरंच झालं. "गोळी का दिली?" असं कोणीच विचारलं नाही. "ही गोळी परत द्यायची नाही, आजी, पोट फुगते यानं" एवढंच सांगितलं, तेही माहिती हाती आल्यावर.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे दुसरी आणि तिसरी गोष्ट धावत.

गप्प बसण्याबद्दल. डॉक्टर म्हणतात, बोलू दिलं तर रामायण सुरू होईल. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांनी मध्ये न तोडता घड्याळ लावलं. पेशंट सरासरी ९२ सेकंदांत थांबले, शंभरातले ७८ दोन मिनिटांच्या आत. आता तिथं एक पेशंट, एक खोली, आपल्याकडे दाराशी चाळीस डोकी, हा फरक मोठा आहे. म्हणून दोन मिनिटं नाही, पण पहिलं मिनिट तरी द्या. आणि ते थांबले की "अजून काही नाही ना?" असं विचारू नका, त्याला "नाही" हेच उत्तर येतं. "अजून काय सांगायचं राहिलं?" म्हणा. नाहीतर खरी गोष्ट दारात गेल्यावर निघते, "साहेब, एक राहिलंच..."

नातेवाईक. पेशंट बोलू शकत असेल तर पहिली नजर त्याला, तो म्हातारा असला तरी. सुनेबद्दल सासू उत्तर देत असेल तर सासूला खोलीबाहेर काढायची घाई नको. "आई, तुमचं ऐकतोच, पहिले तिला बोलू द्या," मग तपासायच्या वेळी नर्सताई थांबतील, बाकीचे बाहेर, हा सगळ्यांनाच नियम आहे असं सांगा. एकीलाच बाहेर काढलं की घरी गेल्यावर सुनेची उलटतपासणी होते. पाच जण असतील तर विचारा, "रात्री जवळ कोण होतं?" तो खरा साक्षीदार. जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो तो बहुतेक सकाळीच आलेला असतो.

अध्यक्ष उभे राहिले, म्हणजे मी बसायला हवं. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा. फक्त कोणी आपले रिपोर्ट आणले असतील तर ते उद्या, दवाखान्यात.