मसुदा नऊ वेळा परत येतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

प्रत्येक लहानसहान कामात लक्ष घालणारा आणि झालेल्या कामावर कधीच समाधान न मानणारा वरिष्ठ आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. पाकिटावरचे तिकीट कोणत्या कोपऱ्यात लावले, टाचणी आडवी आहे की उभी, चहाला गेलात तेव्हा फोन कोणी घेतला, अशा गोष्टी विचारणारा वरिष्ठ. अशा माणसाशी कसे वागावे, यावर मला आज बोलायचे आहे. मी आयुष्याची तीस वर्षे एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात काढली, त्यामुळे माझे उदाहरण तिथलेच असणार. बँकेचे आणि माणसाचे नाव मी सांगणार नाही आणि त्याने काही अडणारही नाही.

गोष्ट १९९७ सालची आहे. मी वसुली विभागात कनिष्ठ अधिकारी होतो. आमच्या चौदा शाखांकडून दर महिन्याला थकबाकीची पत्रके येत, त्यांचे एकत्रित पत्रक मी तयार करीत असे आणि त्यासोबत संचालक मंडळाच्या सभेसाठी एक पानाचे टिपण जोडले जाई. टिपण हाताने लिहायचे, साहेबांना दाखवायचे, त्यांनी मान्य केले की टंकलेखकाकडे द्यायचे, असा क्रम होता. साहेब लाल शाईचे पेन वापरीत. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात ते एक पानाचे टिपण माझ्याकडे नऊ वेळा परत आले. मध्ये एकदा मान्य झाले म्हणून टंकलेखकाने ते टंकून काढले, तेही परत आले, आणि त्या गृहस्थांनी पांढऱ्या शाईची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली व "आता तुम्हीच लावा" असे म्हणून ते निघून गेले. दरम्यान साहेब दर अर्ध्या तासाने माझ्या मागे येऊन उभे राहत. शाखांना फोन करताना ते ऐकत आणि मी ठेवला की पुन्हा त्याच शाखेला स्वतः फोन करून तोच आकडा विचारीत.

मी चिडलो होतो, पण एक गोष्ट मी चांगली केली होती. परत आलेला एकही मसुदा मी फाडला नव्हता. प्रत्येकावर तारीख आणि वेळ टाकून ते एका फाइलमध्ये लावले होते. आता एक बोलून जातो, राहवत नाही म्हणून. हल्ली संगणकावर जुन्याच मजकुरावर नवा मजकूर चढवतात आणि आधीचा कागद कसा होता हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर फाइल नव्या नावाने साठवावी, नावातच तारीख घालावी, एवढी साधी शिस्त लोक का पाळत नाहीत, हे मला कधीच समजलेले नाही.

तर, त्या काळी बँका शनिवारी अर्धा दिवस चालत. कागदांवर खातेदारांची नावे होती, ते घरी नेणे योग्य नव्हते, म्हणून एका शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर मी ते नऊ मसुदे लांब टेबलावर ओळीने मांडले. आमचे शिपाई, ज्यांना सारी बँक मामा म्हणत असे, कुलूप लावण्यासाठी थांबले होते. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, हा तिसरा आन् तो सातवा, कागद तर एकच दिसतोय." मी पाहिले. दुसरा परिच्छेद शब्दाला शब्द तोच होता. तिसऱ्या मसुद्यात मी जे लिहिले ते चौथ्यात साहेबांनी बदलले आणि सातव्यात त्यांच्याच लाल शाईने तेच पुन्हा आले होते.

मग मी सगळ्या लाल खुणा मोजल्या. एकूण ४१ निघाल्या. त्यांतल्या ७ संचालकांची नावे, त्यांचा क्रम आणि 'मा.' हे आदरार्थी अक्षर यांविषयी होत्या. २८ शब्दांविषयी आणि मांडणीविषयी होत्या, आणि त्यांतल्या १२ अशा की पुढे त्यांनीच परत फिरवलेल्या. उरलेल्या ६ आकड्यांविषयी होत्या. श्रोतेहो, या सहांकडे नीट लक्ष द्या, कारण सारे इंगित तिथेच होते. त्या सहाही खुणा एकाच रकान्यावर होत्या. रकान्याचे नाव होते 'थकबाकी'.

एक उदाहरण सांगतो. समजा एखाद्याने कर्ज घेतले आहे, त्याचा दरमहा हप्ता पाच हजारांचा आहे आणि त्याचे चार हप्ते थकले आहेत. थकलेली रक्कम झाली वीस हजार. पण त्याच्याकडून बँकेला एकूण येणे आहे एक लाख शेहेचाळीस हजार. आता थकबाकीच्या रकान्यात काय लिहायचे? वीस हजार की एक लाख शेहेचाळीस हजार? वसुलीच्या दृष्टीने आज मागायची रक्कम वीस हजार आहे. पण हप्ता ठरावीक मुदतीपेक्षा अधिक काळ थकला, आणि आजच्या नियमाप्रमाणे ही मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवसांची आहे, की ते संपूर्ण खातेच अनुत्पादक ठरते आणि मग पूर्ण येणे बाकी मोजावी लागते. दोन्ही आकडे खरेच आहेत, फक्त ते दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आणि मंडळाला यांतला कोणता प्रश्न पडला आहे, हे आमच्या साहेबांनाच ठाऊक नव्हते. पुढे एका जुन्या सहकाऱ्याकडून कळले की, वर्षभरापूर्वी भर सभेत एका संचालकांनी त्यांना हाच प्रश्न विचारला होता, साहेबांना उत्तर देता आले नव्हते आणि ते ओशाळून परतले होते. तेव्हापासून ते प्रत्येक कागदावर तो अपमान पुसत बसले होते, आणि खरी शंका एका रकान्याची असल्यामुळे स्वल्पविराम बदलून ती फिटत नव्हती.

ऑक्टोबर महिन्यात मी काम सुरू करण्याआधीच त्यांच्याकडे गेलो. आकडे नव्हते, मजकूर नव्हता. कोऱ्या कागदावर फक्त रकाने आखले होते आणि पेन्सिलीने एकाच खात्याची ओळ भरली होती. मी विचारले, "साहेब, या रकान्यात थकलेले हप्ते लिहायचे की पूर्ण येणे?" ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दोन रकाने करा." दुपारी पुन्हा बोलावून त्यांनी त्या कोऱ्या नमुन्यावर सही केली. त्या महिन्यात टिपण नऊऐवजी तीन वेळा परत आले. शून्य वेळा आले, असे मी म्हणणार नाही. आणि शेवटची प्रत हातात घेऊन ते काय म्हणाले, तर, "ठीक आहे, पण हे काल व्हायला हवे होते."

यातून मी जे शिकलो ते एवढेच, आणि ते पुन्हा सांगतो. नमुना कामाच्या आधी दाखवावा, कामाच्या नंतर नव्हे. संपूर्ण काम हातात देऊन 'कसे वाटते' असे विचारले की अशा वरिष्ठाला खुणा करण्यासाठी पान मिळते. रिकामा नमुना आणि एक भरलेली ओळ दिली की त्याला निर्णय घ्यावा लागतो. प्रश्नही मोघम नको, 'हे की ते' असा असावा. आणि जो निर्णय होईल त्याची त्याच कागदावर नोंद व्हावी. सही मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर आजच्या काळात दोन ओळींचा ईमेल पुरतो: "सकाळी झालेल्या चर्चेनुसार थकबाकीसाठी दोन रकाने ठेवून काम सुरू करीत आहे." यात तक्रारीचा सूर नसावा आणि मागच्या वेळच्या नऊ मसुद्यांचा उल्लेख तर मुळीच नसावा.

दर अर्ध्या तासाने मागे येऊन उभे राहण्यावरचा उपाय याहून सोपा आहे, पण त्याला धीर लागतो. त्यांनी विचारण्यापूर्वी आपण सांगायचे, आणि ठरलेल्या वेळी सांगायचे. मी सकाळी अकरा आणि दुपारी साडेचार या वेळा धरल्या होत्या. "चौदापैकी नऊ शाखांची पत्रके आली, पाच बाकी आहेत, त्यांतल्या दोन उद्या देणार आहेत" एवढेच सांगून परत यायचे. पहिल्या आठवड्यात ते तरीही येतच राहिले. दुसऱ्या आठवड्यात कमी झाले. मात्र एक दिवस मी अकराची वेळ चुकवली आणि साडेअकराला ते पुन्हा माझ्या खुर्चीमागे हजर होते. शाखांना दुबार फोन करणे तर त्यांनी निवृत्तीपर्यंत सोडले नाही. ते मी सोडून दिले होते.

आता याची मर्यादाही सांगायला हवी. हे सारे घाबरलेल्या वरिष्ठाला लागू पडते, दुखावण्यासाठीच दुखावणाऱ्याला नाही. फरक कसा ओळखावा? घाबरलेला माणूस सगळ्यांचेच कागद तपासतो, दुसरा एकाच माणसाचे तपासतो. घाबरलेल्याची लाल शाई कागदावर उमटते, दुसरा चारचौघांत आवाज चढवून माणसावर बोलतो. आणि सर्वांत पक्की खूण अशी की, सही केलेला नमुना समोर ठेवल्यावर घाबरलेला गप्प बसतो, तर दुसरा म्हणतो, "मी असे कधी म्हटलेच नव्हते." हे वाक्य एकदा ऐकू आले तर विसरण्याचा भाग समजावा. तीनदा ऐकू आले तर नमुन्यांची खटपट थांबवून वेगळी नोंदवही घालावी. तीत तारीख, मिळालेली सूचना, आपण केलेले काम आणि नंतर झालेला बदल एवढेच लिहावे. आपले मत, आपला संताप त्यात येऊ देऊ नये, कारण उद्या ती वही वरच्या अधिकाऱ्यापुढे किंवा मनुष्यबळ विभागापुढे ठेवावी लागली तर संतापाची एक ओळ उरलेल्या चाळीस ओळींचे वजन घालवते. आणि बदली मागण्यात कमीपणा आहे, असे मानणाऱ्या माझ्या पिढीतल्या लोकांशी मी मुळीच सहमत नाही. मी स्वतः एकदा मागितली होती, या साहेबांच्या वेळी नव्हे, पुढे दुसऱ्यांच्या वेळी.

जाता जाता एक. या साहेबांच्या निवृत्तीच्या वेळी मानपत्राचा मसुदा माझ्याकडे आला. शिक्षणाची वर्षे नीट असावीत म्हणून मी तो त्यांनाच दाखवला. दुसऱ्या दिवशी तो लाल शाईने भरून परत आला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते, "आधी रकाने दाखवायला हवे होते."

नमस्कार.