इटालियन मुलाखतीचा मराठी अनुवाद लिहिताना अर्धवट वाक्य नेमकं कुठे तोडायचं?

[पडद्यावर ध्वनिलहरी. ओळ अक्षर अक्षर उमटते.]

बाई सांगतायत: "ओ फिर्मातो इल— चोए, अब्बियामो फिर्मातो इल कोन्त्रात्तो, आ मार्त्सो." शेवटच्या दोन शब्दांवर मुलाखतकाराचा आवाज चढतो: "नो, आप्रिले."

"आम्ही करारावर मार्चमध्ये सही केली" असं सरळ वाक्य लिहिलं, की वाचायला छान वाटतं. पण बाई "मी"वरून "आम्ही"वर आल्या, हे त्यात दिसतच नाही. मुलाखतीत बहुतेक वेळा तेच महत्त्वाचं असतं.

इटालियनमध्ये कर्ता क्रियापदाच्या रूपातच असतो. "ओ" म्हणजे मी, "अब्बियामो" म्हणजे आम्ही. वेगळं सर्वनाम लागत नाही. मराठीत मात्र "सही केली" हे दोघांनाही चालतं. म्हणून इथे "मी" आणि "आम्ही" गाळून चालणार नाही.

[पडद्यावर दोन मराठी ओळी. पहिलीवर काट.]

आता तोडायचं कुठे? "मी सही—" असं तोडलं, तर बाई सही केल्याचंच नाकारू पाहतायत असं वाटेल. मुळात क्रियापद पूर्ण झालंय आणि वाक्य तुटलंय ते कराराचं नाव येण्याआधी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ही चूक पटकन होते. बोलण्यात आपण क्रियापदानंतरही शब्द जोडतोच, तीच सवय इथे कामी येते:

बाई: मी सही केली त्या— म्हणजे, आम्ही सही केली त्या करारावर, [मार्चमध्ये.
मुलाखतकार: [नाही, एप्रिल.

चौकटी कंस एकाखाली एक आले, की दोघे तिथून एकदम बोलतायत असं समजायचं. "मार्चमध्ये" आधी घेतलं असतं, तर मुलाखतकार "करारावर"ला नाही म्हणतोय असा अर्थ झाला असता.

प्रत्येक अडखळणं मात्र तुटलेलं वाक्य नसतं. "इओ मी पारे..." शब्दशः "मी, मला वाटतं" असं दिसतं. बोलीभाषेत ही रचना सर्रास येते. त्याचं नुसतं "मला वाटतं" करावं, तुटरेघ नको. ओळखायचं ध्वनीवरून. खरंच तुटलेला शब्द मध्येच चिरल्यासारखा थांबतो आणि मागोमाग बरेचदा "म्हणजे" या अर्थाचं "चोए" किंवा "उलट" या अर्थाचं "आन्त्सी" येतं. लिखित प्रतीतला स्वल्पविराम हे सांगत नाही, म्हणून ती जागा पुन्हा ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

[पडद्यावर दोन आवाजांच्या लहरी एकमेकींवर.]

ऐकणाऱ्याचं "हो हो" या अर्थाचं "सी सी" किंवा "नक्कीच" या अर्थाचं "चेर्तो" हा हुंकार आहे, ती व्यत्ययाची ओळ नव्हे. पॉडकास्टच्या वाचनीय प्रतीत तो गाळला तरी चालेल. संशोधनाच्या किंवा कायदेशीर कामात ठेवावा, कारण तिथे कोण कधी गप्प होतं हेही तपासलं जातं. दोन आवाजांत एखादा शब्द बुडालाच, तर "[अस्पष्ट]" आणि त्याची वेळ लिहावी. संदर्भावरून शब्द भरला, तर तो अनुवादकाचा शब्द बोलणाऱ्याच्या नावावर जातो.