लेकी बोले, सुने लागे

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या महिन्यातला सोमवार. एका हातात तर्री-पोह्यांची प्लेट, दुसऱ्या हातात मोबाइल. महाल भागातल्या माझ्या मावसबहिणीचं स्टेटस दिसलं. उगवता सूर्य आणि खाली ओळ, ‘काही माणसं कधीच बदलत नाहीत.’ आदल्याच दिवशी तिच्या नातवाच्या बारशातून मी न जेवता निघाले होते. झालं! पोहे थंडगार.

लेकी बोले सुने लागे, हे आपल्याकडे जुनंच. पण तिथे सून समोर असायची, सासूचा आवाज, नजर कुठे वळते ते तिला कळायचं. स्टेटसला नजर नसते. ते वाचणारे दोनशे जण, आणि ज्याच्या मनात काही खुपतंय तो प्रत्येक जण सून.

1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘हे तुझं स्वभाववर्णन’ म्हणून कागद दिला. मजकूर सगळ्यांचा एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. तरी पोरांनी तो किती जुळतो याला 5 पैकी सरासरी 4 च्या वर गुण दिले. आपल्या त्या ओळीचंही तसंच. ती कोणालाही बसते.

मी मात्र दिवसभर तर्क लढवत होते. व्हॉट्सॲपवर ठरावीक लोकांपासून स्टेटस लपवता येतं. मग वाटलं, मला दिसतंय म्हणजे माझ्याबद्दल नसेल. लगेच दुसरं मन म्हणालं, टोमणा मारायचा तर दाखवायलाच पाहिजे ना! एकाच गोष्टीतून दोन्ही अर्थ निघत असतील तर ती खूण कामाची नाही. ‘पाहिलं’च्या यादीचंही तेच, तिथे नाव दिसतं, मन नाही.

कामाची खूण म्हणजे फक्त तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेला तपशील. ‘भरल्या ताटावरून उठणारे’ असं असतं, तर तो बाण माझ्याकडेच होता. किंवा दर भांडणानंतर तासाभरात तसलीच ओळ येणं. इथे दोन्ही नव्हतं, चित्रही कुठून तरी आलेलं, तयार.

उलट स्टेटस टाकायचा मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. शेवटी फोन केला. ‘ते माझ्यासाठी होतं काय?’ असं मुद्दामच विचारलं नाही. त्याला कोणीही ‘नाही गं’च म्हणेल. स्टेटसचं नावच घेतलं नाही. म्हटलं, ‘काल मी न जेवता निघाले, तुला वाईट वाटलं का?’

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘वाटलं ना. तुझ्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं मी.’

पुढे अर्धा तास बोललो. फोन ठेवता ठेवता वैतागून म्हणाली, ‘थांब बाई, तो नळवाला आला वाटते. तीनदा येतो म्हणून आला नाही, सकाळी त्याच्यावर स्टेटस टाकलं तेव्हा कुठे!’