कुऱ्हाडीचं पातं आणि कलम अठरा

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात मे महिन्यात घरातलं लाकूड कसं तडकतं ते तुम्हाला सांगायला नको. दारं सैल होतात, पाट वाजायला लागतात. आज त्या सुकलेल्या लाकडाचीच एक हकिकत सांगायची आहे, कारण फौजदारी कायद्यातला 'अपघात' हा अपवाद मला खऱ्या अर्थाने त्या हकिकतीतून कळला.

आधी तीन शब्द कानात ठेवा. अपघात, संमती आणि निकड. एखादं कृत्य एरवी गुन्हा ठरलं असतं, पण या तिन्हीपैकी एखादी परिस्थिती असेल तर तो गुन्हा होत नाही. हे अपवाद 1860 च्या दंड संहितेत होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेत. आकडे तेवढे बदलले. अपघाताचं जुनं कलम 80, आता ते 18 आहे.

मी नवखा वकील होतो. काटोल रस्त्याच्या बाजूचं एक गाव. बांधावरच्या बाभळीची वाळलेली फांदी तोडायला शेतमालकाने एका मजुराला बोलावलं. मजूर घाव घालत होता आणि त्याचा शेजारी, रोजच्या उठबशीतला माणूस, चारपाच हातांवर उभा राहून बोलत होता. दहाव्याबाराव्या घावाला दांडा आतून मोडला, पातं निसटलं आणि शेजाऱ्याच्या कानशिलावर बसलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसांनी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवला. माझे सीनियर आरोपीतर्फे उभे राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "कलम 80 खालचं उदाहरण वाचलंस का?" मी वाचलं नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडून दिलं. एक माणूस कुऱ्हाडीने काम करतो आहे, पातं निसटतं, बाजूला उभा असलेला माणूस मरतो. आरोपीने योग्य काळजी घेण्यात कसूर केली नसेल, तर गुन्हा नाही. आमचा खटला शब्दशः त्या उदाहरणात होता! मला वाटलं, झालं, जिंकलो. सीनियर म्हणाले, "शेवटचं वाक्य पुन्हा वाच." योग्य काळजी. सगळा खटला त्या दोन शब्दांवर होता.

सरकारी वकिलांनी आधी विचारलं, झाड कोणाचं? हा प्रश्न फालतू नव्हता. कृत्य कायदेशीर असावं, कायदेशीर रीतीने आणि कायदेशीर साधनांनी केलेलं असावं, ही या अपवादाची अट आहे. हाच मजूर दुसऱ्याच्या झाडाची चोरून फांदी तोडत असता, तर अपघाताचं संरक्षण तिथेच गळून पडलं असतं. शेतमालकाने साक्ष दिली की झाड माझं, फांदी मीच तोडायला सांगितली. मारण्याचा हेतू नव्हता, आपल्या घावाने माणूस मरेल अशी जाणीवही नव्हती, हे तर कोणी नाकारतच नव्हतं.

मग सीनियरनी कोर्टासमोर मुद्देमाल उघडायला लावला. पातं वेगळं, दांडा वेगळा. गावच्या सुताराला साक्षीला बोलावलं होतं. त्याने मोडलेलं टोक उजेडाकडे धरलं. नेढ्याच्या आत लाकडात एक गाठ होती, बाहेरून न दिसणारी, आणि मोड तिथूनच गेली होती. तो म्हणाला, जुनी चीर असती तर तिच्यात हातचा मळ आणि तेल शिरून ती काळी झाली असती. ही आतून पांढरी आहे, म्हणजे त्या घावालाच मोडली. पाचर मात्र जागच्या जागी पक्की होती.

तरी एक प्रश्न उरलाच. उन्हाळ्यात दांडा आटतो, पातं हलायला लागतं. खेड्यातला माणूस त्यासाठी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतो, लाकूड फुगून नेढ्यात घट्ट बसतं. ते केलं होतं का? उलटतपासणीत मृताच्या बायकोला हे विचारावं लागलं. सरकारी साक्षीदार, कपाळ पांढरं, समोर नवऱ्याच्या मृत्यूला कारण झालेला माणूस. ती म्हणाली, "रातभर बकेटीत होती जी. पाणी म्याच टाकलं होतं. अन् यानं यायले दोनदा मांगं हो म्हणलं." कोर्टात कोणी हललं नाही. मजूर सुटला. ती बाई खोटं बोलली असती तर तिला कोणी दोष दिला नसता, आणि म्हणूनच मी तिला आजही विसरत नाही. कायद्याच्या पुस्तकांत अशा साक्षीदारांची नावं येत नाहीत, ती यायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

लक्षात ठेवा, अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. पण सरकार पक्षाइतका जड नाही. त्याची बाजू जास्त संभवनीय आहे, एवढं दाखवलं तरी पुरतं. पांढरी मोड, पक्की पाचर, बकेटीतली रात्र आणि 'मागे हो'. यांतलं एकही नसतं तर?

आता संमती. आखाड्यात दोन मल्ल उतरतात, एकाचं बोट मुरगळतं. दोघं अठरा वर्षांवरचे, खेळ नियमाने, जीव घेण्याचा किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नाही, तशी शक्यताही कोणाला माहीत नाही. गुन्हा नाही. (आपल्याकडचे आखाडे एकेक करून ओस पडत आहेत. मुलांना दुखापत सोसायची सवय मातीनेच लागते.) पण संमती मिळाली म्हणजे काहीही करावं असं नाही. 1887 मध्ये कलकत्ता हायकोर्टापुढे एक वैदू आला. त्याने मूळव्याधीच्या रोग्यावर साध्या सुरीने शस्त्रक्रिया केली होती आणि रोगी रक्तस्रावाने गेला. संमती होती, पण कायद्यात सद्भाव म्हणजे रीतसर काळजी आणि लक्ष. शिक्षण नसताना सुरी चालवणं त्यात बसत नाही. शिक्षा झाली. पुन्हा तीच काळजी, श्रोतेहो.

निकडीचं कलम आता 19. मोठी आग लागली, ती पसरू नये म्हणून कोणी शेजारचं घर पाडलं, तर तिथे निकड आहे. धोका समोर उभा असावा आणि टाळायचं नुकसान खरंच मोठं असावं. 1868 मध्ये मुंबई हायकोर्टापुढे, ज्याचं खंडपीठ आज आपल्या नागपुरात बसतं, एक ताडीवाला आला. रोज ताडी चोरीला जायची, म्हणून त्याने चोर पकडण्यासाठी मडक्यांत शेराचा विषारी चीक घातला. ती ताडी विकली गेली आणि काही सैनिकांनी प्यायली. तो म्हणाला, माल वाचवायला केलं. कोर्टाने ऐकलं नाही. ताडीचा चोर म्हणजे आग नव्हे.

रानडुकरं संत्र्याची, हरभऱ्याची रानं उकरतात हे मला मान्य आहे, तो राग मी जवळून पाहिला आहे. पण कुंपणात घरच्या मीटरची जिवंत तार सोडली आणि पहाटे त्यावर माणूस गेला, तर कोर्टात ना अपघात उभा राहतो, ना निकड. माणूस परवानगी न घेता आत शिरला होता, हेही कामी येत नाही. शौचालयाच्या वाटेवर अशी तार लावणाऱ्या बिहारच्या एका माणसाला सुप्रीम कोर्टाने 1963 मध्ये हेच सांगितलं. त्याच कामासाठी झटका मशीन मिळतं. त्यातून क्षणभराचा झटका सुटतो आणि डुक्कर मागे फिरतं. यंदा पेरणीआधी कुंपण करणार असाल, तर आधी तेवढं विचारून घ्या. नमस्कार.