एलओआय आलं, पण जॉइनिंग कधी?

(नेरूळ इथे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कॉलेजच्या फ्लेक्सवर फोटो लागतो, घरी पेढे वाटले जातात, तेव्हा मुलाच्या हातात बहुतेक वेळा असतं ते एलओआय, म्हणजे लेटर ऑफ इंटेंट. त्यानंतर ऑफर लेटर येतं आणि रुजू होताना नियुक्तिपत्र मिळतं. या तीन कागदांचं वजन सारखं नाही. एलओआयवर पॅकेजचा आकडा ठळक असतो, पण रुजू होण्याची तारीख नसते. तिथे एक वाक्य असतं: जॉइनिंगची तारीख बिझनेस रिक्वायरमेंटनुसार कळवली जाईल. आज आपण मुख्यतः या एका वाक्याची किंमत काढणार आहोत.

हे वाक्य तिथे का असतं, ते आधी पाहू. मोठ्या आयटी सेवा कंपन्या कॅम्पसवर येतात त्या तुम्ही रुजू होण्याच्या दहा-बारा महिने आधी. पुढच्या वर्षी किती प्रोजेक्ट मिळतील आणि किती लोक सोडून जातील, याचा अंदाज बांधून त्या एलओआय वाटतात. २०२१-२२ मध्ये कामं भरपूर होती आणि नोकऱ्या सोडणारेही भरपूर होते, म्हणून भरती जोरात झाली. पुढे परदेशी ग्राहकांनी खर्च आखडता घेतला, लोक नोकऱ्या सोडेनासे झाले आणि आधी वाटलेली एलओआय लटकली. इन्फोसिसच्या २०२२ च्या बॅचमधल्या काही मुलांनी सुमारे दोन वर्षं वाट पाहिली. नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली, त्यानंतर २०२४ च्या शेवटी ती मुलं रुजू झाली. त्यांच्यातले बरेच जण फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या ट्रेनिंगमधून बाहेर काढले गेले. अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही तीनशेहून अधिक जण नापास झाले, असं कंपनीने सांगितलं. संघटनेच्या मते हा आकडा बराच मोठा होता. म्हणजे धोका दोन ठिकाणी आहे. एक दाराबाहेर, दुसरा दाराच्या आत.

आता हिशेब. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण साचा नेहमीचा आहे. नेरूळच्या एका मुलीकडे एलओआय आहे, पॅकेज ३.६ लाख. सहा महिने ट्रेनिंग, त्या काळात स्टायपेंड महिना १२,०००. दुसरीकडे महापे एमआयडीसीतली एक लहान कंपनी तिला १ जुलैपासून घ्यायला तयार आहे, हातात २०,०००. घरच्यांचं म्हणणं, तीन लाख साठ हजार सोडून कोण जातं?

३.६ लाखांचे महिन्याला ३०,००० होतात. त्यात व्हेरिएबल पे समजा वर्षाला ३०,०००. तो कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर अवलंबून, म्हणून दरमहा २,५०० बाजूला ठेवा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००. पंधरा हजार बेसिकवर ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० दाखवतात, पण ते पाच वर्षं टिकलात तर हाती लागतात. विम्याचे पाचशे. उरले साधारण २४,५००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० गेला की हातात येतात साधारण २२,७००, हिशेबाला साडेबावीस हजार धरू. तेही ट्रेनिंग संपल्यावर.

आता १ जुलैपासून चोवीस महिने मोजा. कंपनीने वेळेवर बोलावलं तर सहा महिन्यांचा स्टायपेंड ७२,००० आणि अठरा महिन्यांचा पगार ४,०५,०००, मिळून ४,७७,०००. महाप्याची नोकरी चोवीस महिन्यांत देते ४,८०,०००. एक दिवसही उशीर झाला नाही तरी दोन्ही जवळपास बरोबरीत! जॉइनिंग नऊ महिने लांबलं तर एलओआयचा आकडा येतो २,७४,५००. उशिराचा प्रत्येक महिना या हिशेबातून साडेबावीस हजार खातो, कारण शेवटून पूर्ण पगाराचा महिना कमी होतो.

या हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. पीएफचे दोन्ही वाटे मिळून महिन्याला ३,६०० तुमच्याच नावावर जमा होतात, त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात. महाप्याच्या कंपनीत वीसपेक्षा कमी माणसं असतील तर तिथे पीएफ नसण्याची शक्यता मोठी. मोठ्या कंपनीचं नाव पुढच्या नोकरीच्या वेळी उपयोगी पडतं, तेही खरं. पण ते नाव बायोडेटावर चढतं रुजू झाल्यावर. एलओआय हा अनुभव धरला जात नाही. माझं मत विचाराल तर तीन महिन्यांपर्यंतचा उशीर सोसावा, त्यापुढे हातावर हात ठेवून बसू नये.

उशीर होणार का, याचा थोडा अंदाज घेता येतो. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या आयटी कंपन्या जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलमध्ये तिमाही निकाल जाहीर करतात. नफ्याचा आकडा सोडा, एकूण कर्मचारीसंख्या बघा. ती सलग दोन तिमाही घटतेय आणि तुमच्या आधीच्या बॅचची मुलं अजून बोलावण्याची वाट पाहतायत, तर तुमचा नंबर त्यांच्या मागे. मागच्या बॅचला विचारणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. प्लेसमेंट सेलकडे किती जणांना ऑफर मिळाली याची यादी असते. तुम्ही विचारा, त्यातले किती जण कोणत्या महिन्यात रुजू झाले? ऑफरचं पॅकेजही बदलू शकतं, हे ध्यानात ठेवा. २०२३ च्या सुरुवातीला विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर असलेल्या, जॉइनिंगची वाट पाहणाऱ्या मुलांना साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय दिला होता.

ट्रेनिंगच्या कलमांकडे वळू. इथे चार गोष्टी लेखी विचारून घ्या. ट्रेनिंगमध्ये तुम्ही कर्मचारी आहात की अप्रेंटिस? अप्रेंटिस असाल तर साधारणपणे पीएफ लागत नाही, आणि ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायला कंपनी सहसा बांधील नसते. अनुभव कोणत्या तारखेपासून धरला जाणार, ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून की कन्फर्मेशनपासून? परीक्षा किती, पास व्हायला किती टक्के लागतात, पुन्हा संधी किती? आणि नापास झालं तर त्याच दिवशी बाहेर की नोटीस देऊन? चेन्नई किंवा म्हैसूरला हॉस्टेल मिळत असेल तर भाडं स्टायपेंडमधून कापतात का, तेही विचारा. बारा हजारांतून चार हजार गेले तर घरूनच पैसे मागवावे लागतील.

बाँडबद्दल दोन टोकाची मतं कानावर येतात. एक म्हणतं, बाँड कोर्टात टिकतच नाही. दुसरं म्हणतं, सही केली की अडकलात. दोन्ही चूक. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. सरकारी बँकेला भरतीसाठी जाहिरात आणि परीक्षेचा जो खर्च येतो, तोही कोर्टाने विचारात घेतला. त्यामुळे प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड तसाच वैध ठरेल असं नाही, पण रक्कम वाजवी असेल तर कंपनीची बाजू पोकळ नसते. बाँडमध्ये बघायचं ते हे: मुदत रुजू झाल्यापासून सुरू होते की ट्रेनिंग संपल्यापासून, महिने उलटतील तशी रक्कम कमी होते का, आणि कंपनीनेच काढलं तरी पैसे भरायचे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर सही करू नका. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या आणि सही केलेले कोरे चेक मागणाऱ्या कंपनीला नकार द्या. तो चेक उद्या बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार तुमच्यावर होऊ शकते.

ऑफर मागे घेतली जाते त्याची कारणं दोन प्रकारची. मंदीमुळे घेतली तर तुमच्या हातात फार काही नसतं. पण बरीच पत्रं रद्द होतात ती तुमच्या बाजूच्या कारणांनी, आणि ती टाळता येतात. आठव्या सेमिस्टरला एक केटी राहिली. रिव्हॅल्युएशनचा निकाल जॉइनिंगनंतर लागला. फॉर्मवर सीजीपीएला दहाने गुणून टक्के लिहिले आणि विद्यापीठाच्या सूत्राने ते साठच्या खाली आले. बारावीनंतरचं गॅपचं वर्ष लपवलं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये हे हमखास सापडतं. म्हणून टक्केवारीचं रूपांतर विद्यापीठाच्याच सूत्राने करा आणि निकाल लांबत असेल तर कॉलेजचं तसं पत्र घेऊन एचआरला आधीच कळवा.

ऑफर रद्द झालीच तर कोर्ट तुम्हाला नोकरीवर बसवेल ही आशा धरू नका. वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही. नुकसानभरपाई मागता येते, पण नुकसान सिद्ध करावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणं बंधनकारक केलंय, पण ते नेमणूक झालेल्या माणसाला. एलओआयवाला अजून त्या दारात पोहोचलेला नसतो. ऑफर रद्द झाल्याचं कळेल त्या दिवशी दोनच कामं करायची. कारण लेखी मागायचं, आणि तोच मेल प्लेसमेंट सेलला पाठवून पुढच्या ड्राइव्हमध्ये बसू देण्याची विनंती करायची. ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ या नियमात अशा वेळी सूट मिळते का, हे कॉलेजला आजच विचारून ठेवा.

सभागृहातून एका पालकांनी विचारलं: मुलीने महाप्याची नोकरी धरली आणि तीन महिन्यांनी मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं, तर?

चांगला प्रश्न आहे. त्याची तयारी महाप्याला रुजू होण्याआधी करायची. प्रोबेशनमध्ये नोटीस पंधरा दिवसांची असावी, असं पत्रात लिहून घ्या. तीन महिन्यांची नोटीस असेल तर सगळा डाव फसतो, कारण बोलावणं आल्यावर बहुधा दोन-तीन आठवड्यांतच हजर व्हावं लागतं. बोलावणं आलं की आधी पत्रावर रुजू होण्याची तारीख, शहर आणि पगार लिहिलाय का ते बघा, आणि मगच राजीनामा द्या. फोनवरच्या ‘नेक्स्ट मंथ कन्फर्म’वर देऊ नका. वेळ कमी पडत असेल तर मेलवर मुदत मागा, असं लिहून:

‘माझ्या सध्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस अमुक तारखेला आहे. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रुजू होऊ शकते. कृपया सुधारित तारीख लेखी कळवावी.’

मधली नोकरी लपवू नका. पीएफ कापला गेला असेल तर यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकावर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीय का, हे रिलीव्हिंग लेटर हातात घेतानाच तपासा. ती भरलेली नसली तर नव्या कंपनीला तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला दिसता.