फोटोतल्या गळ्यात ठुशी घालताना

(पुण्यात फोटो रिटच करणाऱ्यांच्या एका छोट्या बैठकीत केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

तर एकच काम सांगतो, सगळं त्यातच येतं. सदाशिव पेठेतून एक ताई आल्या, आईच्या पंचाहत्तरीसाठी मोठी फ्रेम करायची होती, फोटो छान पण आईचा गळा रिकामा, कान पण रिकामे. ठुशी आणि मोत्याच्या कुड्या घरी होत्याच, त्यांचे मोबाईलवर फोटो काढून पाठवले, म्हणाल्या "तेवढं घालून द्या". मी अंदाजाने घातलं. ताई बघून म्हणाल्या, "ही आईची ठुशी नाही हो, हा पट्टा वाटतोय." आणि खरं होतं ते, मणी जवळजवळ दुप्पट मोठे झाले होते.

मग मी अंदाज बंद केला. मोठ्या माणसाच्या डोळ्याचं बुबुळ, म्हणजे तो रंगीत गोल, रुंदीला साधारण पावणेबारा मिलिमीटर असतो आणि माणसागणिक फारसा बदलत नाही, म्हणजे चेहऱ्यावर पट्टी छापलेलीच आहे. आईच्या फोटोत तो ७० पिक्सेल भरला, म्हणजे मिलिमीटरला ६ पिक्सेल. ताईंना म्हटलं ठुशीचा फोटो परत काढा, शेजारी दहाचं नाणं ठेवा, मोबाईल जरा लांब धरून झूम करा, जवळून काढला की मधले मणी फुगतात. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, ते ५४० पिक्सेल आलं, म्हणजे मिलिमीटरला २०. सहा भागिले वीस, ठुशी ३० टक्क्यांवर आणायची, बस. गळा डोळ्यांपेक्षा थोडा मागे असतो म्हणून मी २९ ठेवलं. कानाची पाळी अजून मागे, कुड्या २८ वर. सेल्फी असेल तर मात्र हा फरक खूपच वाढतो, तिथे कान चांगलेच लहान दिसतात.

आता आकार. ठुशी टेबलावर पसरलेली आणि गळा गोल, म्हणून सगळे Warp ने दोन्ही टोकं आत दाबतात आणि मणी अंड्यासारखे होतात. अहो, गोल मणी कुठूनही बघा, गोलच दिसतो, बाजूला जाताना बदलतं ते फक्त दोन मण्यांमधलं अंतर. म्हणून मी मधला भाग हलका वाकवतो आणि कडेचे सहा-सात मणी सुटे कापून एकावर एक सरकवत लावतो, शेवटचा मणी पुढच्याच्या मागे निम्मा लपलेला. कटकटीचं काम आहे, पण पट्टा वाटायचा थांबतो तो इथेच.

मागच्या बांधणीचं बघा. ठुशीला मागे दोरी आणि गोंडा. टेबलावरच्या फोटोत दोरी दोन्हीकडे पसरलेली असते आणि लोक ती तशीच ठेवतात, मग ती खांद्यावरून कुठेतरी हवेत जाते. समोरून काढलेल्या फोटोत दोरी दिसतच नाही, शेवटचा मणी मानेच्या कडेला मास्कने कापायचा. फक्त तो कापायच्या आधी ओळ किंचित वर चढायला हवी, कारण बांधणी मानेच्या मागे, पुढच्या मण्यांपेक्षा वर असते. सरळ आडवी संपवली की ठुशी चिकटवलेली वाटते.

सावलीसाठी आधी नाकाची सावली बघा. आईच्या फोटोत खिडकी डावीकडे, सावली उजवीकडे खाली. मी दोन लेयर करतो, दोन्ही Multiply. एक मण्यांच्या अगदी खाली, बारीक आणि गडद, २ पिक्सेलचा ब्लर. दुसरी अर्धा मणी उजवीकडे खाली सरकवलेली, मऊ आणि फिकी. रंग काळा घेऊ नका, काळ्याने कातडी मळकट दिसते, हनुवटीखालच्या घडीतला तांबूस तपकिरी उचला. आणि हमखास राहतं ते म्हणजे हनुवटीची सावली, ती उजवीकडच्या मण्यांवर पण पडते ना! तिथले मणी गडद करा, त्यांची चमक पुसा, नाहीतर सावलीत बसून मणी लखलखतात.

कुडीत एक कुडी उलटून दुसऱ्या कानात टाकायचा मोह होतो, तशीच टाकू नका, मोत्यावरचा प्रकाशाचा ठिपका पण उलटतो. मी ठिपका परत डावीकडे काढला. फिरकी पाळीमागे, ती दिसायचा प्रश्नच नाही. झुमका असता तर डोकं कितीही कललेलं असो, तो सरळ खालीच लोंबला पाहिजे, कुडी मात्र पाळीबरोबर कलते.

फ्रेम न्यायला ताईंच्या आई स्वतः आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे रे, गोंडा कुठाय?" म्हटलं, "मागे आहे काकू."